नकाशावरचे चार मिलिमीटर

"मग आधी खाली कामून गेले?"

मी पाण्याची बाटली भरून जागेवर परत चालले होते. रिसेप्शनच्या सोफ्यावर एक गृहस्थ गुडघ्यांवर मोठा कागद पसरून बसले होते. प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. कागदालाच विचारला होता. कागद मी लांबूनही ओळखला, कारण तो माझ्याच मशीनवरून छापला गेला होता. दक्षिण प्रशांत महासागराचा नकाशा, उजव्या कडेला चिलीचा किनारा आणि मध्ये आमच्या जहाजाच्या मार्गाची लाल रेघ. ती रेघ डावीकडून निघून आधी थोडी खाली, म्हणजे दक्षिणेकडे उतरत होती आणि मग वर चढत किनाऱ्याला लागत होती.

ते आमच्या जहाजावरच्या फिटरचे वडील होते. मुलगा जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते, आणि हा नकाशा आम्हीच त्यांना पाठवला होता.

आमचं ऑफिस पिंपळे सौदागरमध्ये आहे. खाली मिठाईचं दुकान, शेजारी जिम, वर आम्ही. समुद्र इथून घाटाच्या पलीकडे, पण आम्ही बसल्या जागी जहाजं सांभाळतो. म्हणजे कोणतं जहाज कुठे आहे, किती वेगाने चाललंय, कोणत्या दिशेने, हे रोज बघतो. सोसायटीतल्या लोकांना मी शिपिंगमध्ये आहे असं सांगितलं की ते कुरियर समजतात. मीही पुढे काही बोलत नाही.

फिटरला मी कधी पाहिलं नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत वेल्डर होता, चांगला हात होता, म्हणून जहाजावर गेला. त्यांचं जहाज ऑस्ट्रेलियातून कोळसा घेऊन चिलीकडे निघालं होतं. अर्धा महासागर ओलांडल्यावर त्याच्या पोटात दुखायला लागलं. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी रेडिओवरून लक्षणं ऐकली आणि अपेंडिक्स फुटलं असावं असं सांगितलं. ऑपरेशन हवं होतं. जहाजावर गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती, ऑपरेशन नव्हतं. मागे न्यूझीलंड, पुढे चिली, दोन्हीकडे जवळपास सारखंच अंतर. पुढचं थोडं कमी होतं आणि वाराही पाठीमागून होता. जहाज ठरलेलं बंदर सोडून चिलीच्या दक्षिणेकडच्या, जवळात जवळच्या बंदराकडे वळवलं. त्यालाही आठवडा लागणार होता. हेलिकॉप्टर शेवटच्या टप्प्यातच येऊ शकत होतं, तेवढाच त्याचा पल्ला.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी स्क्रीनवर जहाजाचा ठिपका पुढे सरकवत होते. हेलिकॉप्टर जहाजावर पोहोचलं त्याच्या दोन तास आधी फिटर गेला.

आमचे कॅप्टन, म्हणजे ऑफिसातले आमचे साहेब, स्वतः अनेक वर्षं समुद्रावर काढलेले, डेहराडूनकडचे. त्यांनी फिटरच्या वडिलांना, काकांना, केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही बसायला सांगितलं, कारण साहेबांना मराठी येत नव्हती. काकांनी शर्टाच्या खिशातून एक स्टीलची पट्टी आणि एक डिव्हायडर काढला. दोन्ही त्यांच्या कंपनीतले, वापरून गुळगुळीत झालेले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. जिथे जहाज वळलं तिथून बंदरापर्यंत त्यांनी पेन्सिलने सरळ रेघ मारून आणली होती. डिव्हायडरची टोकं पाच-पाच मिलिमीटरवर धरून लाल रेघेवरून पावलं टाकत ते बंदरापर्यंत गेले. मग तसेच पेन्सिलच्या रेघेवरून.

"चार एमएम," ते म्हणाले. "सरळ रेघेपरीस चार एमएम जास्त. तुमच्याच कागदावर. आमच्याकडं एवढ्यात अख्खा लॉट रिजेक्ट होतो."

त्या चार मिलिमीटरचे मैल किती आणि मैलांचे तास किती, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. साडेतीन तास. मुलगा हेलिकॉप्टरच्या दोन तास आधी गेला. पुढची वजाबाकी त्यांनी बोलून दाखवली नाही.

कॅप्टन साहेबांनी हिंदीत समजावलं की ही वाट म्हणजे ग्रेट सर्कल, आणि लांबच्या पल्ल्याला तीच सगळ्यात छोटी वाट असते, जगात सगळीकडे जहाजं अशीच जातात. आवाज मऊ होता त्यांचा. पण ते सांगताना त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि काकांनी ते पाहिलं.

"सर्कल मारून जवळ कसं पडल साहेब?" काका म्हणाले. "आमी अडाणी नाही. बत्तीस वर्षं प्रेस शॉपला आहे मी, पत्र्याच्या कामाला."

मग त्यांनी सांगितलं की ज्याने हा रस्ता आखला त्या सेकंड ऑफिसरवर ते तक्रार करणार आहेत. पोलिसांकडेही आणि जहाजवाल्यांच्या सरकारी खात्याकडेही. सोमवारी. तो पोरगा दिघीचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मुलानेच फोनवर सांगितलं होतं की बाबा, इथे आपल्याकडचा एक ऑफिसर आहे, दिघीचा, फार चांगला आहे. तोच मुलाची बॅग घेऊन त्यांच्या घरी आला होता आणि त्यांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं होतं.

साहेब मला म्हणाले, तुम मराठी में समझा दो. आणि दुसऱ्या मीटिंगला निघून गेले.

मी शाळेपासून सगळं इंग्रजीत शिकले. ग्रेट सर्कल, मेरिडियन, कन्व्हर्जन्सी. घरी मराठी बोलतो, पण घरी आम्ही कधी पृथ्वीच्या आकाराबद्दल बोललो नाही. मी पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर गोल काढला. म्हटलं, काका, होकायंत्र उत्तर दाखवतं. सगळ्या उत्तर-दक्षिण रेघा ध्रुवावर जाऊन एकत्र मिळतात. त्या एकमेकींना समांतर नाहीत, कलिंगडाच्या पट्ट्यांसारख्या आहेत. आता जहाजाने प्रत्येक रेघ एकाच कोनात ओलांडायची म्हटलं, म्हणजे होकायंत्राचा आकडा एकच ठेवायचा म्हटलं, तर रेघाच तिरप्या होत जातात, म्हणून जहाजही नकळत वाकत जातं. आकडा सरळ राहतो, वाट नाही. खरं सरळ जायचं तर आकडा सतत थोडा थोडा बदलत ठेवावा लागतो.

ते ऐकत होते. मी पुढे गेले. म्हटलं, हा नकाशा खलाशांच्या सोयीसाठी केलेला आहे. यात त्या सगळ्या रेघा मुद्दाम समांतर काढलेल्या आहेत. त्यामुळे एकाच आकड्याची वाट यावर सरळ रेघ दिसते, पट्टी ठेवून आखता येते. पण त्यासाठी नकाशा ताणावा लागतो. म्हणून खरी सरळ वाट यावर वाकडी दिसते.

"म्हणजे कागद खोटा," ते म्हणाले.

"खोटा नाही, पण..."

"मॅडम, कागद तुमीच दिला. आता तुमीच म्हणता कागदावर बगू नका. मग मी कशावर बगू?"

त्यांनी नकाशाची नीट घडी घातली, पट्टी आणि डिव्हायडर खिशात ठेवले. लिफ्टपर्यंत मी सोबत गेले. लिफ्टमध्ये जिमला जाणारी दोन मुलं होती, ती कुठल्यातरी सेल्फीवरून हसत होती. काका त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सेकंड ऑफिसर जबाब द्यायला ऑफिसला आला. तिशीच्या आतला, वजन उतरलेला. त्याची पुढची जॉइनिंग कंपनीने थांबवून ठेवली होती, आणि तक्रार झाली असती तर चौकशी संपेपर्यंत कुठलीच कंपनी त्याला घेणार नव्हती. पण तो त्याबद्दल बोलला नाही. पॅन्ट्रीत आम्ही दोघंच होतो. मी अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाही, पण त्या दिवशी विचारलं, की वळताना सरळ लेग, म्हणजे एकाच दिशेचा टप्पा, का नाही टाकली. घाईत बहुतेक जण आधी तेच करतात. स्क्रीनवर दोन टोकं दिली की मशीन आपोआप सरळ, एकाच दिशेची वाट आखून देतं. ग्रेट सर्कल वेगळं सांगावं लागतं.

"आधी तीच आली होती स्क्रीनवर," तो म्हणाला. "त्र्याऐंशी डिग्री, थेट बंदरापर्यंत. जहाजाचे कॅप्टन मागे उभे होते, म्हणाले चला. मी म्हटलं सर, एक मिनिट, आणि ग्रेट सर्कल टाकून बघितलं. चाळीस मैल वाचत होते. तीन तास."

"मग?"

"मग काय, फिटरला सांगितलं, तीन तास वाचवले तुझे."

त्याने सांगितलं की निघताना दिशा एकशे एक होती, म्हणजे पूर्वेच्याही थोडं दक्षिणेकडे, आणि शेवटी पासष्टवर आली असती. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पाळीत दिशा एखाद्या अंशाने डावीकडे आणायची. पाळी संपली की तो खाली त्या आजारी खोलीत जाऊन फिटरला आकडा सांगायचा. आज अठ्ठ्याण्णव. आज त्र्याण्णव. फिटरला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडा कमी होतोय म्हणजे घर जवळ येतंय असं त्याने धरलं होतं. आकडा कितीवर आला की पोहोचलो, हेही विचारून ठेवलं होतं त्याने.

"शेवटचा किती सांगितला?" मी विचारलं.

"सदुसष्ट."

तो उठला, कप विसळून जागेवर ठेवला आणि गेला. मला नंतर बरेच दिवस कुठेही सदुसष्ट लिहिलेलं दिसलं की थांबायला व्हायचं.

रविवारी मी चाकणला काकांच्या घरी गेले. साहेबांनी सांगितलं नव्हतं. घरी मी मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं. बसमध्ये सीट मिळाली नाही. नाशिक फाट्यापासून उभीच होते, आणि पूर्ण वेळ मनात वाक्यं जुळवत होते, मराठीत. भोसरीपर्यंत ती बरी वाटत होती. मोशीच्या पुढे ट्रक आणि कंटेनरच्या रांगेत बस अडकली तेव्हा ती सगळी पोकळ वाटायला लागली.

त्यांचं घर एका तीन मजली इमारतीत होतं, भाड्याच्या खोल्यांची इमारत, बहुतेक सगळे कंपन्यांत काम करणारे, मराठवाड्यातून आलेले. काकूंनी दार उघडलं. मी ऑफिसातून आलेय म्हटल्यावर त्यांनी मला सरळ आत, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नेलं. काका बाहेर गॅलरीत होते. काकूंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "ते तक्रारीचं बोलायला आलीस का, बाई?"

मी मान हलवली.

"नको सांगू त्यांला काही," त्या म्हणाल्या. "पेटी आली गावाला, उघडू दिली नाही. तोंड नाही बगितलं लेकराचं. मग आठ दिवस हे जेवले नाहीत, बोलले नाहीत. त्यो नकाशा आला तवापासून उठतात, आंघोळ करतात, भांडायला जातात. तेवढ्यावरच चाललंय सगळं."

मी म्हटलं, पण त्या ऑफिसरची काही चूक नाही, काकू.

"मला म्हाईत आहे," त्या म्हणाल्या. "जिन्यात उभं राहून रडत होता त्यो. कुणाचं तरी लेकरूच आहे." चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला. "पण हे काय करतील मग? सांग तूच."

तो प्रश्न घेऊन मी गॅलरीत गेले.

गॅलरी म्हणजे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. काका स्टुलावर बसून मोगऱ्याच्या कुंडीतलं तण उपटत होते. मला पाहून त्यांना राग आला नाही, नुसतं दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. मी बसले आणि जुळवून आणलेलं पहिलं वाक्य विसरले. म्हणून कुंडीकडे बघत राहिले.

ती कुंडी नव्हती. पत्र्याची, अर्ध्या फुटबॉलसारखी पण कढईएवढी मोठी वाटी होती, तीन विटांवर टेकवलेली. बाहेरच्या बाजूला सगळीकडे बारीक गोल कोरलेले होते, गंजातूनही दिसत होते. तळाशी ते गोल गोलच राहिले होते. वरच्या काठाकडे ते लांबट, अंड्यासारखे झाले होते.

मी विचारलं हे काय आहे. ते जरा सैल झाले. म्हणाले, ट्रायलचा पीस आहे, एका टाकीचा अर्धा भाग, रिजेक्ट झाला म्हणून घरी आणला. प्रेस करायच्या आधी सपाट पत्र्यावर सारखे गोल छापतात. मग पंच, म्हणजे प्रेसचा ठोकळा, खाली येतो, पत्र्याची वाटी होते. आणि मग गोल कुठे कसे बदलले ते मापतात. जिथं गोल बिघडला तिथं पत्रा ताणला. लई ताणला तर फाटतो.

"सपाट पत्र्याची वाटी न ताणता होते का?" मी विचारलं.

"होत नाही. कुठं ना कुठं ताणावंच लागतं."

"आणि वाटीचा परत सपाट पत्रा?"

त्यांचा हात मातीत थांबला. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं मी कुठे चाललेय ते. मी बोलत राहिले. म्हटलं, नकाशा तसाच आहे, काका. गोल पृथ्वीचा सपाट पत्रा.

ते म्हणाले, "मग त्याच्यावर पण गोल लांबट होतात का?"

"नाही. या नकाशात गोल गोलच राहतात. पण मोठे होतात. विषुववृत्तापासून जितकं ध्रुवाकडे जावं तितके मोठे."

त्यांनी कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे वरचा एमएम अन् खालचा एमएम एक नाही."

"नाही. खालच्या एमएममध्ये मैल कमी आहेत."

ते उठले. मोगरा मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढून त्यांनी बादलीत ठेवला. वाटी धुतली, पालथी घातली, फडक्याने कोरडी केली. आता ती घुमटासारखी दिसत होती. मी माथ्यावर बोट ठेवून म्हटलं, हा दक्षिण ध्रुव धरा. काठ म्हणजे विषुववृत्त. त्यांनी खिशातून पट्टी काढली, आतून एक स्टीलचा डबा आणि पेन्सिल आणली. डब्यावर पेन्सिल आडवी दाबून धरली आणि वाटी हळूहळू फिरवली, तशी वाटीभोवती एका उंचीची रेघ उमटत गेली. त्या रेघेवर एकमेकांपासून बऱ्याच लांब दोन खुणा केल्या. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. काकांनी त्यांच्याकडे दोरा मागितला.

एका खुणेवर दोऱ्याचं टोक मी अंगठ्याने दाबलं. दुसऱ्या खुणेवर त्यांनी दोरा ताणला. ताणताच तो पेन्सिलच्या रेघेवरून निसटला आणि माथ्याकडे सरकून बसला. त्यांनी तो खाली ओढून रेघेवर बसवला. सोडला की परत वर. रेघेवर बसवायचा तर दोरा ढिला सोडावा लागत होता, म्हणजे जास्त लागत होता.

"ही रेघ म्हणजे एकच आकडा," मी म्हटलं. "पूर्वेला तोंड ठेवून कुठेही न वळता गेलं तर ही वाट. आणि दोरा म्हणजे ग्रेट सर्कल."

"दोरा ध्रुवाकडं जातो."

"हो. तुमच्या नकाशात ध्रुव खालच्या बाजूला आहे."

त्यांनी मान हलवली. पण ते थांबले नाहीत. खोलीतून नकाशा आणला आणि मला खऱ्या जागा विचारल्या. जहाज वळलं तिथला अक्षांश पंचेचाळीस, बंदराचा चाळीस, आणि मधलं अंतर बावन्न रेखांश. काठापासून माथ्यापर्यंतची कमान मोजून त्यांनी बरोबर मध्यावर एक खूण केली, दुसरी तिच्यापेक्षा थोडी काठाकडे. परिघाचे भाग पाडून दोघींमधलं अंतर बसवलं. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत सावकाश उतरत जाणारी रेघ काढली, तीच जी सेकंड ऑफिसरच्या स्क्रीनवर आधी आली होती. त्यांनी दोरा रेघेवरून जपून बसवला, नखाने खूण केली, पट्टीवर मोजला. मग ताणून मोजला. मग दोन्ही परत मोजलं. चष्मा कपाळावर सरकवून, पट्टी डोळ्याजवळ धरून.

"दीड एमएम," ते म्हणाले. "ताणलेला दीड एमएम कमी आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी कंपनीच्या बसला हाक मारत होतं. काकूंच्या हातातला चहा तसाच होता.

मी ऑफिसमध्ये ही गोष्ट त्यांना समजावी म्हणून दोन तास घालवले होते. आता ती समजली होती आणि मला ती परत घ्यावीशी वाटत होती. त्यांच्या चेहऱ्यावरून राग उतरत गेला, आणि खाली काहीच नव्हतं. चार मिलिमीटर होते तोपर्यंत कुठेतरी साडेतीन तास पडलेले होते, कुणीतरी वाया घालवलेले, आणि त्या तासांमध्ये त्यांचा मुलगा जिवंत होता.

त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"त्यानं हे मुद्दाम केलं?" त्यांनी विचारलं. "दिघीच्या पोरानं?"

मी सांगितलं. मशीनने सरळ वाट दिली होती, त्याने ती बदलली, तीन तास वाचवले. प्रत्येक पाळीनंतर खाली जाऊन आकडा सांगत होता, हेही सांगितलं. आकडा कमी झाला की घर जवळ येतंय असं तुमच्या मुलाला वाटत होतं, हेही. सदुसष्ट मात्र सांगितलं नाही.

काकू आत निघून गेल्या. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

काकांनी नकाशा पुन्हा उलगडला. लाल रेघेवरून बोट फिरवत ते बंदरापर्यंत गेले आणि बोट किनाऱ्याच्या अलीकडे थांबवलं, जिथे, मुलगा गेला त्या जागी, मी एक छोटी फुली छापली होती. मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मला मॅडम म्हटलं नाही.

"पोरी, तू रोज बगत होतीस ना जहाज. खरं सांग. दुसरीकडून कुठून, ह्याच्या खालून, वरून, कुठूनही. ह्याच्यापरीस जवळचा रस्ता होता का?"

उंबऱ्यात काकू परत येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला नको सांगू म्हटलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझा आवाज नेहमी इतका बारीक येतो की लोक पुन्हा विचारतात, आणि हे मला दोनदा सांगायचं नव्हतं. म्हणून मी मोठ्याने म्हटलं,

"नाही काका. याहून जवळचा रस्ता पृथ्वीवर नव्हता."